क्विनोआचा फेस काय सांगतो?

रिठे पाण्यात चोळले की फेस येतो. क्विनोआ पहिल्या पाण्यात धुताना भांड्याच्या कडेला पांढरे बुडबुडे जमतात. काबुली चणे उकळू लागले की कुकरचे झाकण लावण्याआधी वर फेसाचा थर दिसतो, आणि सोयाबीनचे दूध तापवताना तर तो भांड्याबाहेर येतो. या चारही ठिकाणी वनस्पतींतल्या एकाच कुळातल्या द्रव्यांचा हात आहे. त्यांना सॅपोनिन म्हणतात. रिठ्याचे पाणी आपण केसांना लावतो, पिण्याचा विचारही करत नाही. बाकीचे तीन पदार्थ मात्र आपण खातो. त्यामुळे प्रश्न पडणे साहजिक आहे: हे द्रव्य पोटात गेले तर काय होते? भिजवलेले पाणी ओतून द्यावे का? कडू चव गेली म्हणजे धोका गेला का?

क्विनोआ, हरभरा आणि सोयाबीन या तिघांसाठी मिळून या प्रश्नांचे एकच उत्तर नाही. क्विनोआमध्ये सॅपोनिन दाण्याच्या बाहेरच्या आवरणात बसलेले असते, हरभऱ्यात ते डाळीच्या गरात असते, आणि सोयाबीनमध्ये त्याचा सर्वात तुरट प्रकार दाण्याच्या छोट्याशा कोंबात दडलेला असतो. काय धुवायचे, काय उकळायचे आणि काय तसेच राहू द्यायचे, हे या जागेवरून ठरते.

एकाच रचनेतून तीन गुण

सॅपोनिनच्या रेणूला दोन भिन्न स्वभावाची टोके असतात. एका बाजूला कार्बनच्या कड्यांचा सांगाडा असतो. त्याला तेल आणि चरबी जवळची, पाणी परके. दुसऱ्या बाजूला साखरेच्या रेणूंची साखळी असते, ती पाण्यात सहज विरघळते. असा रेणू पाण्यात पडला की तो पृष्ठभागाकडे ओढला जातो, कारण तिथे त्याचे तेलकट टोक पाण्याबाहेर हवेत राहू शकते. पाणी घुसळले की हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती हे रेणू दाटीने उभे राहतात आणि बुडबुडा लवकर फुटू देत नाहीत. तोच फेस.

हीच रचना सजीव पेशीला भेटते तेव्हा वेगळे काही घडते. प्राण्यांच्या पेशीभोवतीचे पटल चरबीचे असते आणि त्यात कोलेस्टेरॉल असते. सॅपोनिनचे तेलकट टोक कोलेस्टेरॉलला चिकटते आणि पटलात बारीक छिद्रे पडू शकतात. तांबड्या रक्तपेशींवर सॅपोनिनचे द्रावण टाकले की त्या फुटतात आणि गढूळ द्रव स्वच्छ लाल होतो. प्रयोगशाळेत सॅपोनिन ओळखण्याची ही जुनी रीत आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या लोकांना या गुणाची ओळख फार पूर्वीपासून आहे. गेळाची फळे ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात. फळातले सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांमधल्या नाजूक पेशींवर काम करते आणि माशाला पाण्यातला प्राणवायू घेता येत नाही. असे मासे माणूस खातो आणि त्याला काही होत नाही. कल्ल्यांमधून रक्ताला भिडणारे द्रव्य आणि तोंडावाटे पोटात जाणारे द्रव्य यांत मोठा फरक आहे. आतड्याची ही गोष्ट पुढे येईलच.

तिसरा गुण कडू चवीचा. जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या केंद्रांना हे रेणू उत्तेजित करतात. काही सॅपोनिनांनी घसाही खवखवतो. वनस्पतीला हे सारे उपयोगाचे आहे. बुरशी, कीड आणि पाखरे अशा दाण्याला सहसा तोंड लावत नाहीत.

मात्र सॅपोनिन हे एका पदार्थाचे नाव नाही. सांगाड्याचे प्रकार अनेक, साखळ्यांची लांबी वेगवेगळी, काहींना एकच साखळी, तर काहींना दोन. एक साखळी असलेले रेणू पेशीच्या पटलावर सहसा जास्त तिखट काम करतात, दोन साखळ्यांचे सौम्य असतात. क्विनोआच्या सालीतले बरेच सॅपोनिन दोन साखळ्यांचे आहेत. भातशेतीतल्या सोनेरी गोगलगायींवर उपाय शोधताना संशोधकांनी या सालीवर अल्कलीची प्रक्रिया केली. तिने एक साखळी तुटते, आणि गोगलगायींवर फारसा परिणाम न करणारी तीच साल मारक ठरते. म्हणून रिठ्याबद्दल खरे असलेले सारे काही हरभऱ्याबद्दल खरे असेल असे धरून चालत नाही.

क्विनोआ: साल, पाणी आणि एक सेंटिमीटर

क्विनोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. बोलिव्हिया आणि पेरू यांच्या उंच, थंड, कोरड्या पठारांवर केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारे शेतकरी तो हजारो वर्षे पिकवत आले आहेत. आपल्याकडची चाकवताची भाजी याच वंशातली, म्हणजे क्विनोआ हा चाकवताचा जवळचा नातलग. तो गवताच्या कुळातला नाही, त्यामुळे त्याच्या दाण्याची घडणही गव्हा-ज्वारीपेक्षा निराळी आहे. मध्यभागी पिठूळ भाग असतो आणि त्याच्याभोवती कडेने गोल वळलेला कोंब. शिजल्यावर दाण्यातून पांढरी शेपटी सुटल्यासारखी दिसते ती हा कोंब. त्याच्या बाहेर पातळ साल, आणि कडू सॅपोनिन मुख्यतः त्या सालीत.

दक्षिण बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराभोवती मोठ्या दाण्याचा नामांकित क्विनोआ होतो. तोही कडू असतो. तिथली जुनी पद्धत अशी: दाणे तव्यावर गरम करायचे, दगडी उखळीत पांढऱ्या मातीबरोबर टाकायचे आणि पायांनी तुडवायचे. उष्णतेने साल सैल होते, मातीच्या कणांनी ती घासली जाते. मग वाऱ्यावर उफणून भुसा वेगळा करायचा आणि दाणे पाण्यात चोळून धुवायचे. हे काम तासन्‌तास चालते आणि ते बहुतेक बायकांच्या वाट्याला येई. आता गिरण्यांत यंत्राने साल घासून काढतात, नंतर दाणे धुऊन वाळवतात. घासताना उडणारी धूळ नाकाडोळ्यांना झोंबते, म्हणून कामगारांना तोंड झाकावे लागते. धुण्याचे पाणी ओढ्यात सोडले तर माशांना अपाय होतो. त्या कोरड्या प्रदेशात पाणीही मुबलक नाही, त्यामुळे जेवढी साल कोरडीच घासून निघेल तेवढी बरी.

पण फार घासूनही चालत नाही. प्रथिने, तेल आणि खनिजे यांचा मोठा साठा कोंबात असतो, आणि कोंब सालीच्या अगदी खाली कडेलाच आहे. जास्त घासले की कडूपणाबरोबर कोंबाचे तुकडेही भुशात जातात. थोडे घासून उरलेले धुऊन काढायचे, असा मेळ गिरणीवाल्याला साधावा लागतो.

किती धुतले म्हणजे पुरे, हे फेसावरून मोजता येते. 1990 च्या सुमारास इक्वाडोरमध्ये काम करणारे मायकेल कोझिओल यांनी त्याची एक सोपी रीत घालून दिली. सुमारे 16 सेंटिमीटर लांब आणि 16 मिलिमीटर रुंद परीक्षानळीत अर्धा ग्रॅम क्विनोआ घ्यायचा, म्हणजे साधारण दीडशे-दोनशे दाणे. त्यात 5 मिलिलिटर पाणी घालायचे. 30 सेकंद जोरात हलवायचे, अर्धा तास ठेवायचे. पुन्हा 20 सेकंद हलवून अर्धा तास ठेवायचे. शेवटी 30 सेकंद हलवून 5 मिनिटे थांबायचे आणि फेसाची उंची मोजायची. फेसाची सेंटिमीटरमधली उंची 0.646 ने गुणायची, त्यातून 0.104 वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला दाण्यांच्या वजनाने, म्हणजे अर्ध्याने, भागायचे. उत्तर मिळते ते एका ग्रॅम क्विनोआतल्या सॅपोनिनचे, मिलिग्रॅममध्ये.

समजा, न धुतलेल्या कडू दाण्यांवर 5 सेंटिमीटर फेस आला. 5 गुणिले 0.646 म्हणजे 3.23. त्यातून 0.104 गेले, राहिले सुमारे 3.13. त्याला अर्ध्याने भागले की एका ग्रॅममागे सव्वासहा मिलिग्रॅम सॅपोनिन, म्हणजेच 0.6 टक्क्यांहून थोडे अधिक. कडू वाणांमध्ये एवढे सहज असते. तेच दाणे चोळून धुतले आणि पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा फेस 1 सेंटिमीटर आला, असे धरू. आता हिशेब येतो 1.08 मिलिग्रॅम, म्हणजे 0.11 टक्के. कोझिओल यांच्या चाचणीत बहुतेकांना कडू लागणे थांबले ते याच पातळीच्या खाली. म्हणून क्विनोआच्या व्यवहारात एक सेंटिमीटर फेसाला अर्थ आहे: त्याखालचा दाणा गोडा समजतात, त्यावरचा कडू.

घरी परीक्षानळी नसली तरी हे तत्त्व वापरता येते. आपल्याकडच्या दुकानात पाकिटातून मिळणारा क्विनोआ बहुधा साल काढलेला असतो, पण सगळ्यांची सफाई सारखी नसते. वाटीभर क्विनोआ बारीक जाळीच्या गाळणीत घ्यावा, कारण नेहमीच्या चाळणीतून दाणे निसटतात. खाली भांडे ठेवून पाण्यात तळहातांनी चोळावा. पहिले पाणी गढूळ आणि फेसाळ असेल, ते ओतून द्यावे. पाणी ढवळल्यावर बुडबुडे उठून लगेच विरले की काम झाले. तीन-चार पाण्यांत बहुधा होते. शंका असेल तर एक दाणा चावून जिभेवर मिनिटभर ठेवावा, उरलेला कडूपणा मागाहून कळतो. रात्रभर भिजवण्याची गरज नाही. द्रव्य सालीत आहे आणि ते पाण्यात चटकन विरघळते, म्हणून इथे वेळेपेक्षा चोळण्याला महत्त्व आहे.

हरभरा: फेस दिसतो, पण तो कोणाचा?

हरभऱ्यातले सॅपोनिन चोळून निघत नाही. ते डाळीच्या गरात आणि कोंबात असते, त्यामुळे साल काढली तरी ते आत राहते. ते फारसे कडूही नाही. हरभऱ्यातले मुख्य सॅपोनिन सोयाबीनमधल्या एका गटाशी जुळणारे आहे आणि ताज्या दाण्यात त्याला एक जास्तीचा तुकडा जोडलेला असतो. तो तुकडा उष्णतेने सुटतो. तो जोडलेला असताना रेणू अधिक कडू लागतो, सुटल्यावर चव सौम्य होते. कच्चे बेसन जिभेवर कडवट आणि उग्र लागते आणि खमंग भाजल्यावर तसे लागत नाही, यामागे जी कारणे आहेत त्यांत हा बदलही आहे.

चणे रात्रभर भिजवले की थोडे सॅपोनिन पाण्यात उतरते, उकळताना आणखी उतरते. पण पातेल्यावर येणारा फेस पाहून अंदाज बांधायला गेले तर फसगत होते. हरभऱ्याच्या पाण्यात प्रथिनेही उतरतात आणि प्रथिनांचाही उत्तम फेस होतो. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी 2014 मध्ये दाखवून दिले की कडधान्यांचे शिजवलेले पाणी घुसळले तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट फेस होतो. आज चण्याच्या पाण्यापासून अंड्याविना केक करतात तो याच गुणावर. त्या फेसाचा भार प्रथिने आणि विरघळलेले पिष्टमय पदार्थ वाहतात, सॅपोनिन फक्त हातभार लावते. म्हणजे क्विनोआच्या बाबतीत मोजमाप ठरलेला फेस हरभऱ्याच्या बाबतीत मोजमाप ठरत नाही.

हरभऱ्यात सॅपोनिन नेमके किती, याचे छापील आकडेही म्हणूनच जपून वाचावे लागतात. जुन्या अहवालांत काही टक्क्यांपर्यंतचे आकडे आहेत, तर रेणू एकेक वेगळे करून मोजणाऱ्या नव्या पद्धतींत ते पुष्कळ कमी निघतात. अर्क वाळवून वजन केले तर त्यात इतर द्रव्येही मोजली जातात. रक्तपेशी फोडण्याची चाचणी लावली तर सौम्य सॅपोनिन कमी आणि तिखट सॅपोनिन जास्त भरतात. आकडा वाचताना तो कसा मोजला, हे पाहणे इथे फार जरुरीचे आहे.

मग भिजवलेले पाणी टाकावे की नाही? टाकावे, पण सॅपोनिनच्या भीतीने नव्हे. चण्यांनी पोटात वारा धरतो तो मुख्यतः रॅफिनोज आणि स्टॅकिओज या न पचणाऱ्या साखरांमुळे. त्या भिजवलेल्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी ओतून देणे पोटाला सोयीचे. शिजवलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचा कट काढून घेतात आणि त्याची आमटी करतात. त्या कटात थोडे सॅपोनिन असते, पण प्रथिने, पोटॅशियम आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही असतात. पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी कटाची आमटी सोडण्याचे सॅपोनिन हे कारण होऊ शकत नाही.

सोयाबीन: कोंब आणि खोटी उकळी

सोयाबीनमधल्या सॅपोनिनांचे दोन मुख्य गट आहेत. एक गट दाण्याच्या दोन्ही डाळिंब्यांत पसरलेला आणि हरभऱ्यातल्या सॅपोनिनाचा भाऊ शोभेल असा. दुसरा गट फक्त कोंबात आढळतो. दाण्याच्या वजनात कोंबाचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण घशाला लागणारी तुरट, कडवट चव मुख्यतः या गटाची. जपानमध्ये सोयाबीनचे दूध आणि टोफू रोजचे असल्याने तिथल्या पैदासकारांनी हा गट तयारच होणार नाही असे वाण शोधले. किनुसायाका हे त्यातले एक. आपल्या घरी तेवढे करायची गरज नसते. सोयाबीन भरडून डाळ केली की कोंब तुटून सुटा होतो, आणि पाखडताना त्यातला बराचसा निघून जातो.

सोयाबीनच्या दुधात फेसाची एक गंभीर बाजू आहे. भिजवून वाटलेल्या सोयाबीनचे दूध तापवायला ठेवले की पाणी उकळण्याच्या बरेच आधी, सुमारे 80-90 अंशांना, सॅपोनिन आणि प्रथिने मिळून जोरदार फेस काढतात आणि दूध वर येते. पाहणाऱ्याला वाटते, उकळी आली. तो गॅस बंद करतो. पण सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक नावाची प्रथिने असतात. ती स्वादुपिंडातून येणाऱ्या पाचकरसाला काम करू देत नाहीत आणि ती निकामी व्हायला खरी उकळी आणि पुरेसा वेळ लागतो. चीनमध्ये अशा अर्धकच्च्या दुधाने एकाच वेळी अनेकांना मळमळ, उलट्या आणि पोटदुखी झाल्याच्या घटना घडल्या आहेत आणि तिथे या अवस्थेला खोटी उकळी असेच म्हणतात. उपाय असा: भांडे मोठे घ्यावे, फेस वर आला की आंच मंद करून ढवळत राहावे, फेस बसला की पुन्हा वाढवावी आणि खरी उकळी फुटल्यावर आणखी दहा मिनिटे दूध उकळत ठेवावे. खऱ्या उकळीची खूण म्हणजे फेस खाली बसतो आणि दूध मधोमध तळापासून उसळताना दिसते.

विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन घरचे असते आणि गव्हात मिसळून दळून आणण्याची रीत अनेक घरांत आहे. तिथेही हाच नियम लागू होतो. कच्चे सोयाबीन थेट दळले तर पोळी तव्यावर जेवढा वेळ असते तेवढ्यात ट्रिप्सिन रोधक पुरते नष्ट होत नाहीत. सोयाबीनची डाळ उकळत्या पाण्यात 20 ते 30 मिनिटे उकळून, पाणी काढून, कडक उन्हात वाळवून मग 10 किलो गव्हात 1 किलो या प्रमाणात दळावी. उग्र वासही यामुळे खूप कमी होतो. डाळीतल्या सॅपोनिनाचा कडू तुकडा त्याच उष्णतेने सुटतो आणि काही भाग पाण्याबरोबर जातो.

आतड्यात काय घडते

आता पोषणाच्या प्रश्नाकडे येऊ. सॅपोनिन आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते का? इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये उंदराच्या लहान आतड्याच्या तुकड्यांवर वेगवेगळी सॅपोनिन लावून पाहिली. काही सॅपोनिनांनी आतड्याच्या अस्तराच्या दोन बाजूंमधला विद्युत् फरक ढासळला, पेशी जोर लावून साखर आत ओढतात ते काम मंदावले, आणि एरवी आत न जाणारे रेणू अस्तरातून झिरपू लागले. म्हणजे एकीकडे शोषण अडले आणि दुसरीकडे नको ते आत आले. पण हा परिणाम सॅपोनिनानुसार फार वेगवेगळा होता. सोयाबीनचे सॅपोनिन यात दुबळे ठरले.

आतड्याचा तुकडा आणि जिवंत माणसाचे आतडे यांत आणखीही फरक आहेत. जेवणात आणि पित्तरसात कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्ले असतात. सॅपोनिन त्यांनाच चिकटून बसते आणि अस्तरापर्यंत कमी पोहोचते. आतड्याच्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात. आणि हा मोठा रेणू सहसा रक्तात शिरतच नाही. इस्रायलमधल्या रेहोवोतच्या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकातच दाखवले की कोंबड्या, उंदीर आणि घुशी यांना सोयाबीनचे सॅपोनिन खाऊ घातले तरी ते त्यांच्या रक्तात सापडत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्या साखरेच्या साखळ्या तोडून टाकतात. माणसाच्या आतड्यातले जिवाणूही हे करतात. कल्ल्यांवाटे मरणारा मासा आणि तेच मासे खाऊन धडधाकट राहणारा माणूस यांतला फरक इथे उलगडतो.

पित्ताम्लांना चिकटण्याच्या याच गुणामुळे सॅपोनिनांमुळे कोलेस्टेरॉल उतरते असा प्रचार होतो. प्राण्यांमध्ये भरपूर मात्रा दिल्यावर तसे दिसले आहे. पण क्विनोआ न धुता खाल्ला तर हृदयाला फायदा होईल असा अर्थ त्यातून काढू नये. न धुतलेल्या कडू क्विनोआवर वाढवलेली कोंबडीची पिल्ले नीट वाढत नाहीत, धुतलेल्या क्विनोआवर त्यांची स्थिती सुधारते. कडू दाणा ती कमी खातात हेही त्याचे एक कारण. माणसाची जीभही त्याला तोच निर्णय देते.

उरला खनिजांचा मुद्दा. परीक्षानळीत काही सॅपोनिन लोह आणि जस्त यांना धरून ठेवतात, आणि उंदरांच्या आहारात तिखट सॅपोनिन घातले तर त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा घटलेला दिसतो. पण क्विनोआ, हरभरा आणि सोयाबीन या तिघांतही लोहाला अडवणारा याहून मोठा घटक आहे फायटिक आम्ल. ते लोह, जस्त आणि कॅल्शियम घट्ट पकडते आणि ते दाण्याच्या आत असते. क्विनोआ चोळून धुतला की सॅपोनिन जवळजवळ संपते, फेस येणे थांबते, चव सुधारते. फायटिक आम्लाचा मोठा हिस्सा मात्र दाण्यातच राहतो, आणि तो ना फेसावरून कळतो ना चवीवरून. स्वच्छ पाणी पाहून आता लोह पूर्ण मिळणार असे समजणे चुकीचे ठरते.

फायटिक आम्ल तोडणारे विकर दाण्यातच असते. त्याला ओलावा, ऊब आणि वेळ मिळाला की ते काम करू लागते. म्हणून भिजवणे थोडे उपयोगी, मोड आणणे अधिक उपयोगी, आणि आंबवणे त्याहूनही. क्विनोआवर 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भिजवून, मोड आणून आणि आंबवून फायटिक आम्ल कमी झाल्यावर विरघळलेल्या रूपातले, म्हणजे शोषता येईल असे लोह कित्येक पटींनी वाढलेले आढळले. क्विनोआला मोड यायला फार वेळ लागत नाही, धुऊन ओल्या फडक्यात ठेवला तर दिवसभरात कोंब दिसू लागतो. धुतलेला क्विनोआ उडदाच्या डाळीबरोबर वाटून इडली-डोशासारखा आंबवता येतो. हरभऱ्याची मोडाची उसळ तर आपली रोजचीच. त्यावर लिंबू पिळले की क जीवनसत्त्व लोहाला विद्राव्य ठेवते आणि फायटिक आम्लाच्या तावडीतून बरेचसे सोडवते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातले टॅनिन उलट काम करते, म्हणून तासभर थांबावे.

मुलांना रोज एकाच धान्याची पेज मिळते, किंवा गरोदर बाईचे हिमोग्लोबिन उतरलेले असते, अशा घरांत हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्विनोआचा कडूपणा पाण्याने जातो आणि त्याबरोबर सॅपोनिनची काळजीही संपते. सोयाबीनसाठी पुरेशी उष्णता लागते, तिथे घाई चालत नाही. हरभऱ्यातल्या सॅपोनिनसाठी वेगळे काहीच करावे लागत नाही. उरलेली मेहनत मोड, आंबवण आणि लिंबू यांवर खर्च करावी, कारण लोहाचा खरा अडसर तिथे सुटतो.